कुणाचा, कुठला, कुठे असतोस?

उदगीरच्या मोंढ्यात एखादं अनोळखी पोरगं दिसलं की कुणीतरी हटकून विचारतं, "कुणाचा रे?" नाव नंतर. शाळा, इयत्ता तर त्याच्याही नंतर. माझं उत्तर ठरलेलं होतं: "मुनीमजीचा." माझे वडील, अण्णा, एका आडतीवर हिशेब लिहायचे. तेवढं उत्तर दिलं की चहाच्या टपरीवर पैसे मागत नसत, हमाल पोत्यांच्या थप्पीवर बसू देत आणि घरी जायला उशीर झाला तर कुणीतरी सायकलवर सोडायला येई. त्या एका शब्दात माझी पत होती आणि ती मी कमावलेली नव्हती.

मी २०१४ साली नोकरीसाठी पुण्याला आलो. तेव्हापासून मला तो प्रश्न कुणी विचारला नाही. त्याच्या जागी दुसरे दोन प्रश्न आले. शहरात गेल्यावर माणूस बदलतो म्हणतात, तो नेमका कुठून बदलतो, हे मला या प्रश्नांच्या बदलातून कळत गेलं. आणि त्याची खरी किंमत कळली ती एका फोनवर, सोयाबीनच्या एका बनमीमुळे. त्या फोनपर्यंत यायला थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

आमचं घर गेल्या तीन पिढ्यांत एक वीतही हललेलं नाही. पण आजोबा जन्मले ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात, बिदर जिल्ह्यात. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये संस्थान भारतात आलं. १९५६ ला भाषावार राज्यरचना झाली, मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि उदगीर उस्मानाबाद जिल्ह्यात आलं. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे आजोबांच्या जन्माचा जिल्हा बिदर, अण्णांचा उस्मानाबाद आणि माझा लातूर. माणसं जागेवर होती, कागदावरचा जिल्हा बदलत गेला. म्हणूनच असेल, आमच्याकडे जिल्ह्याच्या नावानं कुणी स्वतःला फारसं ओळखत नव्हतं. माणूस घरानं, गल्लीनं आणि धंद्यानं ओळखला जाई.

भाषेचंही तसंच. मोंढ्यात तूर घेऊन भालकीकडचा शेतकरी आला की अण्णा कन्नडमध्ये भाव सांगत. तेलंगणाच्या बाजूचा व्यापारी आला तर तेलुगूत चार वाक्यं होत. हमालांशी दखनी, आणि हिशेब मराठीत. यात विशेष काही आहे असं कुणाला वाटत नसे. ज्याला माल विकायचा आहे त्याची भाषा आपण बोलायची, एवढाच नियम. अण्णांचं शिक्षण दहावीपर्यंतचं, पण एका दुपारीत ते चार भाषांमधून फिरून येत. मीही त्या भाषा कानावर घेतच मोठा झालो.

उदगीरहून पुणं सुमारे चारशे किलोमीटर. संध्याकाळी ट्रॅव्हल्समध्ये बसलं की पहाटे हडपसर येतं. तिथं उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात नवा प्रश्न भेटला. खोली बघायला गेलो तर घरमालकीणबाईंनी विचारलं, "कुठले तुम्ही?" मी म्हणालो, "उदगीरचा." त्यांना ते कळलं नाही. मग मी म्हणालो, "लातूर." त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "अरे बापरे, भूकंप ना?"

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. आमच्या घराला काही झालं नव्हतं. पण पुण्यात मी भूकंपाच्या मुलखातला झालो. पुढं कुणी म्हणे, "लातूर पॅटर्नवाले, म्हणजे तुम्ही हुशार." २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी नेलं आणि त्या दिवसापासून कचेरीत मला पाण्याबद्दल विचारू लागले. विचारणाऱ्यांत खोटेपणा नव्हता, आपुलकीच होती. तरी मला एक गोष्ट हळूहळू उमगली. माणूस जितका दूर जातो तितकं त्याच्या गावाचं नाव मोठं होत जातं आणि त्यातला तपशील कमी होत जातो. लातूरला मी उदगीरचा होतो. पुण्यात लातूरकडचा झालो, नंतर नुसता मराठवाड्याचा. प्रत्येक पायरीवर माझ्याबद्दल समोरच्याला कमी माहिती होती, आणि त्या कमी माहितीला शोभेल असं मला वागावं लागत होतं.

तिसरा प्रश्न सर्वांत शहरी. एखाद्या लग्नात, सोसायटीच्या जिन्यात लोक विचारतात, "कुठे असता?" मी आधी राहण्याचा पत्ता सांगायचो. ऐकणारा थांबून राहायचा. मग कळलं की या प्रश्नाला कंपनीचं नाव उत्तर म्हणून द्यायचं असतं. मोंढ्यात मी कुणाचा तरी होतो, पुण्यात मी कुठंतरी असतो. पहिली ओळख जन्मानं मिळालेली आणि न पुसणारी. दुसरी ओळख महिन्याच्या पगारावर टिकलेली. नोकरी सुटली तर "कुठे असता?" याला उत्तरच उरत नाही. माझ्या खोलीतल्या एका मित्राची नोकरी गेली तेव्हा तो चार महिने कुठल्याच लग्नाला गेला नाही. पैसे नव्हते म्हणून नव्हे, त्या प्रश्नाला काय सांगायचं म्हणून.

पण या ओळखीचा एक मोठा उपकारही आहे आणि तो मी मनापासून मान्य करतो. "कुणाचा?" या प्रश्नात जात असते, घराण्याची आब असते, बापानं कुणाचे पैसे बुडवले असतील तर तेही असतं. मोंढ्यात हमालाचं पोर "हमालाचं"च राहतं. माझ्याबरोबर शिकलेला असाच एक मुलगा पुण्यात येऊन पर्यवेक्षक झाला. त्याला "कुणाचा?" हा प्रश्न कुणी विचारत नाही, यातच त्याला सुटका वाटते. गावाची आठवण काढताना मला ही गोष्ट विसरून चालणार नाही. मला ज्या शब्दानं पत दिली, त्याच शब्दानं त्याची पत काढून घेतली होती.

माझी नोकरी फोनवर बोलण्याची होती. एका विमा कंपनीच्या मराठी हेल्पलाइनवर. पहिले तीन आठवडे प्रशिक्षण झालं आणि तिथं माझ्या जिभेवर काम सुरू झालं. आमच्याकडे कुणाला विचारायचं असेल तर "काय करलालास?" असं विचारतात. "येलालो", "जेवलालो", "पाऊस येलालाय". पुण्यात त्याचं "काय करतोयस?", "येतोय", "जेवतोय" होतं. प्रशिक्षक बाई माझ्याशी कधी वाईट वागल्या नाहीत. त्या फक्त प्रत्येक वेळी थांबवत आणि वाक्य पुन्हा म्हणायला लावत. "करलालो" म्हटलं की ऐकणाऱ्याला काम झालं की चालू आहे ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मला तेव्हा ते पटलं होतं. नंतर विचार केला तेव्हा वाटलं, या रूपाच्या पोटात "लागणे" हे क्रियापद असावं. "करू लागलो" हे तर पुस्तकी मराठीतही आहे. सोलापूरकडे "करायला लागलोय" याचं "करायलोय" होतं, आणि आमच्याकडचं "करलालो" त्याच कुळातलं दिसतं. म्हणजे ही मोडलेली मराठी नाही. तिला स्वतःचा चालू काळ आहे, स्वतःचा नियम आहे आणि तो आमच्याकडचं चार वर्षांचं पोरही बिनचूक पाळतं.

मग पुण्याचं रूप बरोबर आणि आमचं चूक, हे कुठून आलं? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ मध्ये. शाळेची पुस्तकं, छापखाने, भाषांतरकारांच्या कचेऱ्या हे सगळं त्या काळी मुंबई-पुण्याला उभं राहत होतं आणि तिथल्या शिकलेल्या लोकांची बोली छापली जात होती. आमचा मुलूख तेव्हा दुसऱ्या राज्यात होता. तिथं पुढं सरकारी कामकाज उर्दूत चाललं आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात १९१८ पासून शिक्षणाचं माध्यमही उर्दू होतं. मराठीची पोथी पक्की होत असताना आमची बोली त्या खोलीतच नव्हती. त्यामुळे तिच्या नशिबी घर आणि बाजार आला, पुस्तक आलं नाही. हा इतिहास मला शाळेत कुणी सांगितला असता, तर प्रशिक्षणाच्या त्या तीन आठवड्यांत मी मान इतकी खाली घातली नसती.

तीन महिन्यांत माझी भाषा बदलली. ती इतकी बदलली की अण्णांचा फोन आला की मी उठून जिन्यात जायचो. चार भाषांत भाव सांगणाऱ्या माणसाशी बोलताना त्याच्या मुलाला कुणी ऐकू नये असं वाटत होतं. हे लिहिताना आजही जड जातं.

आता त्या फोनकडे येतो. २०१९ चा ऑक्टोबर संपत आला होता. महाराष्ट्रात काढणीला आलेल्या पिकांवर पाऊस कोसळला होता आणि आमच्या हेल्पलाइनवर पीक विम्याच्या सूचना नोंदवण्यासाठी दिवसभर फोन येत होते. तेव्हाच्या नियमांत काढणीनंतरच्या नुकसानीलाही संरक्षण होतं, पण अटी होत्या. पीक कापून रानात वाळायला पसरलेलं किंवा छोट्या पेंढ्यांत असलं पाहिजे. कापणीपासून चौदा दिवसांच्या आत नुकसान झालेलं असलं पाहिजे. आणि नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कळवलं पाहिजे. पीक एका जागी रचून ढीग लावलेला असेल तर हे संरक्षण लागू होत नव्हतं.

मी तोवर इतरांचे नोंदवलेले फोन तपासण्याच्या कामावर होतो. अहमदपूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा फोन ऐकताना मी थांबलो. तो म्हणत होता, "सर, सोयाबीन काढून टाकलं होतं, बनीम लावलालतो, तेवढ्यात पाऊस आला." आमची सहकारी मुलगी नाशिककडची, कामात अतिशय काटेकोर. तिनं "बनीम म्हणजे काय?" असं विचारलं. तो म्हणाला, "बनीम म्हणजे गंजीच की, सर." तिनं नोंद केली: कापलेल्या पिकाचा ढीग लावला होता.

तिची चूक नव्हती. "लावलालतो" यातला "ल" ऐकून पुण्या-नाशिकच्या कानाला "लावला होता" ऐकू येतं. पण आमच्याकडे "लावलालतो" म्हणजे "लावत होतो". बनीम लागली नव्हती. माणूस बनीम लावायच्या कामात होता आणि पीक अजून रानात पडलेलं होतं. एका क्रियापदाच्या रूपामुळे त्याचं सगळं रान नियमाच्या बाहेर गेलं होतं.

मी त्याला परत फोन लावला. ठरलेल्या वाक्यांप्रमाणे "नमस्कार सर" म्हणालो आणि नंतर ती वाक्यं बाजूला ठेवली. "मामा, बनीम लागली होती का लावलालता तुम्ही?" पलीकडे क्षणभर शांतता. मग आवाज बदलला. "कुठले तुम्ही?" मी म्हणालो, "उदगीरचा." त्यानं सुस्कारा सोडला आणि सगळं नीट सांगितलं. सोयाबीन सोमवारी कापलं. कडपं रानातच होती. गुरुवारी सकाळी माणसं लावून कडपं गोळा करायला घेतली, चार-पाच भारे बांधावर आले आणि पाऊस सुरू झाला. बाकी सगळं पाण्यात. त्यानं शुक्रवारी फोन केला होता. म्हणजे पीक पसरलेलं, कापून तीन दिवस झालेले, सूचना एका दिवसात. तिन्ही अटी पुऱ्या होत होत्या.

मी नोंद दुरुस्त केली आणि कारण लिहिलं. पुढं पाहणी झाली का, त्याला किती पैसे मिळाले, हे मला कळलं नाही. हेल्पलाइनवर बसणाऱ्यापर्यंत शेवट येत नाही. त्याच आठवड्यात माझाही तो फोन तपासला गेला आणि प्रमाण भाषा न वापरल्याबद्दल दोन गुण कापले गेले. मी ते कागद घेऊन वरिष्ठांकडे गेलो आणि पहिल्यांदा कचेरीत माझ्या बोलीत बोललो. दोन्ही फोन त्यांना ऐकवले. त्यांनी ते दोनदा ऐकले. गुण परत मिळाले नाहीत, पण नव्या माणसांच्या प्रशिक्षणात एक पान वाढलं. त्यावर जिल्ह्याप्रमाणे शेतीचे शब्द आणि क्रियापदांची रूपं आहेत: बनीम, कडपं, "लावलालतो" म्हणजे लावत होतो, "करायलोय" म्हणजे करतोय. ते पान मी लिहिलं. पुण्यात आल्यानंतर माझ्या हातून झालेलं सर्वांत उपयोगाचं काम तेच आहे असं मी मानतो.

त्या दिवसानंतर माझ्या बोलण्यात एक उलटा बदल झाला. गावी गेलो की मी गावच्या लोकांपेक्षाही जास्त गावाकडचं बोलू लागलो. नांदेडला भाषाशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राला हे सांगितलं, तेव्हा त्यानं विल्यम लबोव्ह या अमेरिकन अभ्यासकाचं काम सांगितलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लबोव्ह अटलांटिक किनाऱ्याजवळच्या मार्थाज व्हिनयार्ड नावाच्या बेटावर लोकांचे उच्चार नोंदवत होते. बेटावर उन्हाळी पर्यटकांची गर्दी वाढली होती. ज्यांना बेटावरच आयुष्य काढायचं होतं त्यांचे काही स्वर जुन्या बेटकरी वळणाचे झाले होते, आणि ज्यांना निघून जायचं होतं त्यांचे तसे नव्हते. शहरात राहून परत आलेल्या तरुणांमध्ये तर हे वळण ठळक होतं. मी परत आलेला नाही, तरी मला त्यात माझा आवाज ऐकू आला. गावाकडची भाषा मी आता नुसती बोलत नाही, ती निवडतो. अण्णांना ती निवडावी लागत नव्हती. माझ्यातला खरा फरक हाच आहे आणि तो पुसता येणार नाही.

निवडलेल्या भाषेत भोकं असतात, हेही मला दिसतं. काही शब्द मला आठवतात पण तोंडात बसत नाहीत. तुरीच्या प्रती ओळखायला अण्णांकडे किती तरी शब्द होते, माझ्याकडे दोन उरलेत. कन्नड समजते, बोलता येत नाही. शब्द वापराविना जातात आणि जाताना काही सांगत नाहीत. एखाद्या दिवशी मोंढ्यात कुणी काही विचारतं आणि उत्तर देताना जीभ अडखळते, तेव्हा कळतं की हा गेला.

२०२२ च्या एप्रिलमध्ये उदगीरला ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. मी सुट्टी काढून गेलो. मांडवात पुस्तकी मराठी चालली होती आणि बाहेर चहाच्या गाड्यावर "काय करलालाव?" चालू होतं. मी दोन्हीकडे फिरलो. दोन्हीकडे मला सगळं कळत होतं आणि दोन्हीकडे मला कुणी परकं समजत नव्हतं. आठ वर्षांत पहिल्यांदा दोन भाषा असणं ओझ्यासारखं वाटलं नाही.

गेल्या दिवाळीत मुलाला मोंढ्यात नेलं. तो सहा वर्षांचा, जन्म पुण्याचा. अण्णा आता नाहीत. आडत आहे, पेढीवर दुसरे मुनीम आहेत. पोत्यांच्या थप्पीवर एक म्हातारे हमाल बसले होते. त्यांनी मला ओळखलं नाही, पण मुलाकडे पाहून विचारलं, "कुणाचा रे?"

मुलगा म्हणाला, "पुण्याचा."

म्हातारबुवा माझ्याकडे पाहू लागले. मी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "मामा, मुनीमजीचा नातू." ते थप्पीवरून खाली उतरले, त्यांनी मुलाला दोन्ही हातांनी उचलून पोत्यांवर बसवलं आणि टपरीवाल्याला हाक मारली. चहा आला. मी पैसे काढले तर टपरीवाल्यानं घेतले नाहीत.

मुलानं रात्री ट्रॅव्हल्समध्ये विचारलं, "बाबा, ते आजोबा मला काय विचारत होते?" मी त्याला तो प्रश्न समजावून सांगितला. अहमदपूर मागं पडेपर्यंत सांगत होतो.